स्टिकरवर आय-फाइव्ह, तरी लॅपटॉप का रखडतो?

“काका, ह्याच्यावर आय-फाइव्ह लिहिलंय. मग हा एवढा रखडतो का?”

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात ती मुलगी दुपारनंतर टॅलीवर नोंदी करते. सकाळी कॉलेज असतं. दुकानाचा लॅपटॉप घेऊन ती विश्रामबागला माझ्याकडे आली आणि “दुरुस्त करून ठेवा” असं न म्हणता हा प्रश्न विचारून स्टुलावर बसली. तिला तो उघडलेला बघायचा होता. प्रश्न नेमका होता, म्हणून मीही ठरवलं की काम करता करता प्रत्येक भाग दाखवत जायचं.

उघडण्याआधी मी तिला एकच विचारलं, रखडतो म्हणजे नक्की कधी? “बंद पडतो”, “हँग होतो”, “स्लो आहे” हे सगळं लोक एकाच सुरात सांगतात, पण वेळ सांगितली की निम्मं निदान तिथंच होतं. तिनं चार गोष्टी सांगितल्या. सकाळी चालू केला की कामाला लागेपर्यंत चारेक मिनिटं जातात. टॅलीबरोबर ब्राउझर उघडला की माऊससुद्धा अडखळतो. सौद्याच्या दिवशी तासभर सलग काम झालं की पंखा ओरडायला लागतो आणि सगळंच मंदावतं. आणि लाइट गेली की बॅटरी तीस टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप पटकन बंद होतो. मी म्हटलं, ह्या चार तक्रारी चार वेगवेगळ्या भागांच्या आहेत, आणि त्यातली एकही थेट प्रोसेसरची नाही.

लॅपटॉप चालू करून टास्क मॅनेजर उघडला, म्हणजे कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. चालू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांत तिथं जे दिसतं ते फार बोलकं असतं. प्रोसेसरचा आकडा पंधरा टक्क्यांच्या आसपास, डिस्कचा १०० टक्के. म्हणजे प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा बसून डिस्ककडून माहिती येण्याची वाट बघतोय. तिनं लगेच विचारलं, “डिस्क शंभर टक्के म्हणजे भरलीय का?” नाही. तो आकडा जागेचा नाही, वेळेचा आहे. ती पूर्ण वेळ कामात आहे एवढंच तो सांगतो. आणि त्याच पानावर खाली बघितलं तर एवढं राबून ती सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी माहिती देत होती.

मग लॅपटॉप पूर्ण बंद केला. चार्जर काढला, उलटा करून स्क्रू सोडले आणि ज्या जागेवरून निघाले त्याच आकृतीत कागदावर ठेवले. लांब स्क्रू चुकून आखूड स्क्रूच्या जागी गेला तर तो खालच्या बोर्डापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून ही सवय हवीच. पाठीचं झाकण प्लास्टिकच्या पातळ कार्डानं कडेकडेनं सोडवलं. आत हात घालण्याआधी बॅटरीचा कनेक्टर ओढून काढला आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्जही निघून जातो.

“प्रोसेसर कुठाय?” हा तिचा पहिला प्रश्न. तो दिसत नाही, कारण तो तांब्याच्या पट्टीखाली दडलेला असतो. पट्टी सोडवून वाळलेली पेस्ट वरवर पुसली तेव्हा खालचा नखाएवढा चकचकीत तुकडा दिसला. ह्या लॅपटॉपमध्ये आय-फाइव्ह ७२००यू होता. त्याचं काम सांगायला सोपं आहे: पुढची सूचना आणायची, बेरीज किंवा तुलना करायची, उत्तर ठेवायचं आणि पुन्हा पुढची सूचना आणायची. एवढंच तो करतो, पण त्याचं घड्याळ सेकंदाला २५० कोटी ठोके देतं आणि जरूर पडली तर थोडा वेळ ३१० कोटींपर्यंत जातं. त्यात दोन कोअर आहेत, म्हणजे काम करणारे दोन स्वतंत्र संच.

स्टिकरबद्दलही तिथंच सांगून टाकलं. आय-फाइव्ह हे फक्त वर्गाचं नाव आहे, खरी ओळख पुढच्या अंकांत असते. ७२००यू मधला पहिला ७ म्हणजे सातवी पिढी. हा २०१६ सालचा. पुढच्याच वर्षी आलेला आय-फाइव्ह ८२५०यू चार कोअरचा होता, आणि दोघांच्या लॅपटॉपवर आय-फाइव्हचंच स्टिकर. शेवटचं ‘यू’ अक्षर म्हणजे कमी वीज खाणारा, पातळ लॅपटॉपसाठीचा. असा प्रोसेसर बोर्डाला कायमचा डाखलेला असतो, त्यामुळे “ह्यात आय-सेव्हन टाकून द्या” म्हणणाऱ्यांना मला नाही म्हणावं लागतं.

ह्याच तुकड्यात चित्र काढणारा ग्राफिक्सचा भागही आहे. खेळ किंवा व्हिडिओ एडिटिंगच्या लॅपटॉपमध्ये त्यासाठी वेगळी चिप आणि तिची स्वतःची मेमरी असते. इथं ती नाही, म्हणून पडद्यावरचं चित्र मुख्य रॅममधूनच आपला वाटा उचलतं. ही गोष्ट पुढे कामाला येते.

रॅम म्हणजे बोटभर लांबीची हिरवी पट्टी. दोन्ही बाजूंच्या चिमट्या बाहेर ढकलल्या की ती तिरपी वर येते. ह्या लॅपटॉपमध्ये दोन स्लॉट होते, एकात ४ जीबीची पट्टी आणि दुसरा रिकामा. प्रोसेसर ज्याच्यावर आत्ता काम करतोय ते सगळं रॅममध्ये असावं लागतं. रॅमकडून माहिती मिळायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं, म्हणून टिकवायचं ते डिस्कवर लिहावं लागतं.

इथं तीच म्हणाली, “म्हणजे रॅम हा आमचा दुकानातला ओटा, आणि डिस्क म्हणजे हरिपूरचं पेव.” ह्याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. ओट्यावर मांडलेली हळद हाताशी असते, पण ओटा लहान. जमिनीखालच्या पेवात पोत्यांनी माल मावतो, पण ते उघडायचं, हवा खेळू द्यायची, मग माणूस उतरणार. ओटा भरला की एक ढीग परत पेवात नेऊन ठेवल्याशिवाय दुसरा मांडता येत नाही. टॅलीबरोबर ब्राउझर उघडल्यावर हेच होत होतं. चार जीबीतला वाटा विंडोजनं घेतला, थोडा ग्राफिक्सनं, मग टॅली, आणि ब्राउझरच्या चार-पाच टॅबना जागाच उरली नाही. तेव्हा विंडोज रॅममधला कमी लागणारा भाग डिस्कवर लिहून ठेवतं आणि लागला की परत आणतं. माऊस अडखळतो तो त्या ये-जा करण्यामुळे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ऐंशी-नव्वद टक्क्यांवर आणि त्याच वेळी डिस्क शंभरावर दिसली तर रॅम कमी पडतेय असं समजावं. मेमरी निम्मी रिकामी असेल तर रॅम वाढवून काही उपयोग नाही; ते पैसे वाया जातात.

आता डिस्क. माझ्या मते ह्या लॅपटॉपची खरी गोष्ट इथंच होती, म्हणून मी सर्वात जास्त वेळ हिच्यावर दिला. अडीच इंची हार्ड डिस्क काढून तिच्या हातात दिली. आत गुळगुळीत तबकडी असते, ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हात आत-बाहेर सरकतो. एखादा तुकडा वाचायचा तर दोन वेळा थांबावं लागतं. आधी हात योग्य वर्तुळावर जायला हवा, त्याला सरासरी बारा मिलिसेकंद धरा. मग तबकडी फिरून तो तुकडा हाताखाली यायला हवा. एक फेरा अकरा मिलिसेकंदांचा, म्हणजे सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. झाले सतरा-साडेसतरा. एका सेकंदात असे साठच्या आसपास तुकडे वाचून होतात. प्रत्येक तुकडा ४ केबीचा असेल तर सेकंदाला अडीचशे केबीसुद्धा धड होत नाहीत.

तिनं लगेच टास्क मॅनेजरमधला तो आकडा आठवला. “म्हणून शंभर टक्के राबून एक-दोन एमबीच!” बरोबर. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास देते, कारण हात जागचा फारसा हलत नाही. पण विंडोज चालू होताना हजारो लहान-लहान तुकडे वेगवेगळ्या जागांवरून लागतात. समजा असे दहा हजार तुकडे आहेत. सतरा मिलिसेकंदांनी गुणलं तर १७० सेकंद, जवळजवळ तीन मिनिटं. प्रत्यक्षात काही तुकडे शेजारी-शेजारी असतात आणि विंडोज काही आधीच उचलून ठेवतं, त्यामुळे हिशोब एवढा सरळ नसतो, पण तिची चार मिनिटं कुठं जात होती ते एवढ्यानं कळतं. आणि प्रोसेसरच्या बाजूनं बघा: एका तुकड्यासाठी थांबलेल्या सतरा मिलिसेकंदांत त्याच्या घड्याळाचे सव्वाचार कोटी ठोके होऊन जातात. त्याच्याजागी कितीही तगडा प्रोसेसर बसवला तरी तोही तसाच थांबला असता.

ह्याच हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवता येते. तिच्यात फिरणारं काही नसतं. माहिती चिपमधल्या बारीक कप्प्यांत विजेच्या भाराच्या रूपात बसते, त्यामुळे कुठलाही तुकडा साधारण एक दशांश मिलिसेकंदात हाती येतो. तेच दहा हजार तुकडे एका सेकंदात. ह्या लॅपटॉपमध्ये डिस्क ज्या साटा जोडणीवर बसते तिची कमाल सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास आहे. त्याहून कितीतरी वेगवान एनव्हीएमई एसएसडी मिळतात, पण त्यांना वेगळा स्लॉट लागतो आणि टॅलीच्या कामात तो फरक जाणवत नाही. खरी उडी हार्ड डिस्कवरून कुठल्याही चांगल्या एसएसडीवर येताना पडते.

बदलण्याआधी जुन्या डिस्कची तब्येत तपासली. डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते आणि ती वाचणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. खराब झालेले आणि वाचता न आलेले तुकडे किती, हे दोन आकडे तिथं बघायचे. दोन्ही शून्य असतील तर जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवता येते, विंडोज नव्यानं टाकावं लागत नाही. आकडे वाढत असतील किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर नकलेच्या भानगडीत न पडता आधी कामाच्या फाइली बाहेर काढाव्यात, कारण अशी डिस्क नक्कल पूर्ण होईपर्यंत टिकेलच असं नाही. इथं आकडे ठीक होते, तरी टॅलीचा डेटा मी आधी पेनड्राइव्हवर घेतला. एसएसडीची एक वाईट बाजूही तिला सांगितली. हार्ड डिस्क बहुधा कुरकुरत, इशारे देत जाते. एसएसडी मात्र एखाद्या सकाळी दिसेनाशीच होते, आणि तिच्यातून पुसलेलं परत काढणं जवळजवळ अशक्य. म्हणून हिशोबाची प्रत रोज दुसरीकडे हवीच.

तिसरी तक्रार उष्णतेची. हा प्रोसेसर १५ वॉटच्या हिशोबानं बनवलेला आहे, पण ते पंधरा वॉट नखाएवढ्या जागेतून बाहेर पडतात. त्यावर बसलेली तांब्याची चपटी नळी भरीव नसते. ती आतून पोकळ असते, हवा काढून घेतलेली, आणि तिच्यात किंचित पाणी असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, ती पंख्याकडच्या थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते आणि आतल्या जाळीतून परत झिरपत येते. नुसत्या तांब्याच्या सळईपेक्षा ही नळी कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते. तिच्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि त्यामागे पंखा.

पंख्याचं झाकण काढलं तेव्हा पंखा आणि जाळीच्या मध्ये धुळीचा जाड, पिवळसर थर बसला होता. दुकानातल्या हळदीच्या पुडीनं तो चांगला घट्ट झालेला. बाहेरून फुंकर मारून असा थर निघत नाही, उलट आणखी आत दबतो. पंखा बोटानं धरून ठेवला आणि ब्रशनं थर सोडवला. हवेच्या झोतात पातं मोकळं गरगरू दिलं तर बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावली, अगदी थोडी. पेस्टचं काम दोन पृष्ठभागांमधल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी भरण्याचं असतं. जास्त लावली तर तीच आडवी येते. पट्टीचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमानं, समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळायचे, म्हणजे दाब एकसारखा बसतो.

सफाईआधी मी दहा मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून बघितला होता. तापमान ९७ अंशांवर गेलं आणि वेग कोसळून दीड गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १५० कोटी ठोक्यांच्याही खाली आला. शंभर अंशांच्या जवळ गेलं की प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तासाभरानंतर सगळं मंदावतं ते ह्यामुळे. सफाईनंतर त्याच भाराखाली तापमान ७४ वर थांबलं आणि वेग अडीचच्या वर टिकला. घरी कुणालाही हे ओळखता येतं: काम जड असताना टास्क मॅनेजरमधला वेगाचा आकडा मूळ वेगाच्या खाली घसरतोय का ते बघावं आणि बाजूच्या जाळीशी हात धरावा. पंखा ओरडतोय पण हवा लागत नाही, म्हणजे जाळी तुंबली.

मदरबोर्डाबद्दल ती विचारत होती, पण तो एका बैठकीत सांगण्यासारखा नाही. चार्जर १९.५ व्होल्ट देतो आणि प्रोसेसरला लागतो साधारण एक व्होल्ट. बोर्डावरच्या चौकोनी, करड्या गुंडाळ्या आणि त्यांच्या शेजारच्या चिप हे उतरवण्याचं काम करतात, आणि बिघाड बहुधा तिथंच होतो. आणखी एक लहान चिप पॉवरचं बटण, कीबोर्ड, पंखा आणि चार्जिंग सांभाळते. लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर भिजलेले बोर्ड माझ्याकडे आले, त्यात जे मालकांनी “वाळलाय का बघू” म्हणून चालू करून बघितले ते बहुतेक गेले. पाणी स्वतः फार नुकसान करत नाही. ओल्या गाळातून वीज गेली की तांबं खाल्लं जातं. वाय-फायचं कार्ड, तारखेसाठीचा तीन व्होल्टचा बटण सेल, पडद्याकडे जाणारी चपटी केबल हे तिला नुसतं दाखवलं. पडदा काळा झाला तर टॉर्च तिरका मारून बघावा. अंधूक चित्र दिसलं तर पडदा चांगला आहे, फक्त मागचा उजेड गेलाय.

शेवटी बॅटरी. सगळं जोडून लॅपटॉप चालू केला. नव्या एसएसडीवर आणि वाढवलेल्या ८ जीबी रॅमवर तो वीसेक सेकंदांत टॅली उघडायला तयार झाला. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहिलं:

```
powercfg /batteryreport
```

विंडोज एक फाइल बनवतं आणि ती कुठं ठेवली ते सांगतं. ब्राउझरमध्ये उघडली की दोन ओळी बघायच्या. `DESIGN CAPACITY` म्हणजे नवी असताना किती मावत होतं. इथं 41,440 mWh. `FULL CHARGE CAPACITY` म्हणजे आज पूर्ण भरल्यावर किती मावतं. इथं 17,400 mWh. म्हणजे बेचाळीस टक्के उरलेत. हलक्या कामात लॅपटॉप साधारण नऊ वॉट खातो, तेव्हा नवी असताना साडेचार तास चालणारी बॅटरी आता कागदावर दोन तासांच्या आत संपते.

“पण मग तीस टक्क्यांवर बंद का होतो?” बॅटरीच्या आत चार सेल एकामागोमाग जोडलेले आहेत, प्रत्येक ३.७ व्होल्टचा, म्हणून एकूण १४.८. चारही सारखे म्हातारे होत नाहीत. आतलं छोटं सर्किट प्रत्येक सेलवर लक्ष ठेवतं आणि त्यातला एक जरी ठरलेल्या मर्यादेखाली गेला तरी संपूर्ण बॅटरी तोडतं. सेल जुना झाला की त्याचा आतला रोधही वाढतो. लाइट गेली, सगळा भार एकदम बॅटरीवर आला, त्या कमकुवत सेलचं व्होल्टेज खचकन खाली गेलं, आणि सर्किटनं वीज तोडली. पडद्यावरचे तीस टक्के हा सगळ्यांचा मिळून काढलेला अंदाज असतो. त्या एका सेलपुरता तो खरा नसतो. अशी बॅटरी बदलावीच लागते. पूर्ण उतरवून पूर्ण भरण्याच्या जुन्या सल्ल्यानं टक्क्यांचा अंदाज फार तर सुधारतो, गेलेली क्षमता परत येत नाही.

बॅटरी एवढी का खालावली त्याची दोन कारणं दुकानातच होती. लॅपटॉप दिवसभर चार्जरवर, म्हणजे बॅटरी कायम शंभर टक्क्यांवर. आणि तुंबलेल्या पंख्यामुळे ती सतत गरम. लिथियम सेलला हे दोन्ही एकत्र सर्वात जास्त बाधतात. नवी बॅटरी बसवल्यावर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली. ही सोय सगळ्या लॅपटॉपमध्ये नसते, ह्यात होती. लाइट गेल्यावर नोंदी सेव्ह करायला तेवढी भरपूर झाली.

जुनी बॅटरी सपाट होती. ती फुगलेली असती तर टचपॅड वर उचलला गेला असता आणि क्लिक घट्ट झालं असतं. तसं दिसलं की त्याच दिवशी चार्जर काढून लॅपटॉप बंद करावा. फुगवटा दाबू नये आणि त्याला टोचू तर मुळीच नये. काढलेल्या बॅटरीच्या कनेक्टरवर मी चिकटपट्टी लावली आणि ती ई-कचऱ्याच्या डब्यात वेगळी ठेवली. घंटागाडीत टाकलेली अशी बॅटरी गाडीच्या दाबाखाली चिरडली तर पेट घेऊ शकते.